शिक्षकपट आणि त्यांची वास्तवता

शाळा, वर्ग आणि शिक्षक-विद्यार्थी नाते हाच ज्यांचा मुख्य विषय असतो, अशा कथापटांना सैलपणे शिक्षकपट म्हटले जाते. बहुतेकांचा सांगाडा ठरलेला असतो. शाळेने हात टेकलेले एक मूल किंवा एक वर्ग असतो, बाहेरून एक वेगळा शिक्षक येतो, सहकारी त्याची टिंगल करतात आणि वर्षअखेरीस मूल सर्वांसमोर उभे राहते. पालकसभांत आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हे चित्रपट आवर्जून दाखवले जातात. त्यामुळे त्यांतले किती खरे, हा प्रश्न केवळ समीक्षेचा न राहता वर्गातल्या व्यवहाराचा होतो. मराठी पालकांच्या सर्वाधिक परिचयाचे उदाहरण आमिर खान दिग्दर्शित ‘तारे जमीं पर’ (2007) हे असून त्यातील निवासी शाळेचे चित्रण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथील न्यू एरा हायस्कूलमध्ये झाले आहे. या नोंदीत मुख्यतः त्याच चित्रपटाचा विचार केला आहे.

तिसरीत नापास होऊन पुन्हा त्याच इयत्तेत बसलेला ईशान अवस्थी मुंबईच्या शाळेतून काढून पाचगणीसारख्या ठिकाणच्या वसतिगृहात पाठवला जातो, आणि तेथे हंगामी चित्रकला शिक्षक म्हणून आलेले निकुंभ सर त्याला वाचनअक्षमता (डिस्लेक्सिया) असल्याचे ओळखतात. ओळखण्याचा प्रसंग चित्रपटातील सर्वांत विश्वसनीय भाग आहे. निकुंभ मुलाला प्रश्न विचारत बसत नाहीत. ते त्याच्या वह्या उलगडतात आणि चुका मोजण्याऐवजी चुकांमध्ये काही पुनरावृत्ती आहे का, हे पाहतात. पुढे मुंबईला जाऊन ते वडिलांसमोर परक्या लिपीतला मजकूर ठेवतात आणि तो वाचून दाखवा म्हणून हटून बसतात. वडील चिडतात, आणि मुलाच्या ‘उर्मटपणा’चा अर्थ प्रेक्षकाला तिथे कळतो. वाचता न येणारे मूल ‘येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘करणार नाही’ म्हणणे पसंत करते, हे निरीक्षण अचूक आहे. दोन्ही वाक्यांना एकच शिक्षा होते, पण दुसऱ्यात लाज कमी वाटते.

चित्रपटातील वह्या मात्र इंग्रजीच्या आहेत आणि उलटी अक्षरे हीच त्यांतली ठळक खूण आहे. येथेच मराठी माध्यमाच्या शिक्षकाची दिशाभूल होऊ शकते. पाच-सहा वर्षांची अनेक मुले काही काळ अक्षरे आणि आकडे आरशातल्यासारखी लिहितात व नंतर ती सवय आपोआप जाते, तेव्हा एवढ्यावरून काही ठरत नाही. अडचणीचे मूळ बहुधा डोळ्यांत नसून शब्दातले ध्वनी सुटे करून त्यांची अक्षरांशी सांगड घालण्यात असते. देवनागरीत ते वेगळ्या जागी दिसते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची पण नंतर उच्चारायची असल्यामुळे ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरातला अर्धा वर्ण गळतो, घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल तिसरीतही चालू राहते. ‘पाणी’ या शब्दातला ‘पा’ वाचून मूल पुढचे अंदाजाने ‘पाऊस’ असे म्हणते. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो. तेच मूल धड्यावरच्या प्रश्नांची तोंडी उत्तरे नीट देत असेल, तर वहीकडे पुन्हा पाहावे.

चित्रपट येथून थेट उपचाराकडे वळतो. प्रत्यक्षात मधला टप्पा लांब असतो. आधी नजर आणि श्रवण तपासले जाते, मग बुद्ध्यांक चाचणी होते आणि त्यानंतर वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या घेतल्या जातात. शिक्षकाने शंका नोंदवायची असते, निदान करायचे नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यानंतर 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी शाळेतील प्राथमिक पडताळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी ठेवली. ईशानचे वय नेमके तेवढेच आहे. परीक्षेत वाढीव वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी प्रमाणपत्र लागते. निकुंभ मुख्याध्यापकांना भेटून तोंडी परीक्षेची परवानगी एका बैठकीत मिळवतात, ही मोकळीक पटकथेने घेतली आहे.

उपचारपद्धती खरी आहे. वाळूत बोटाने अक्षर गिरवणे, मातीची अक्षरे करणे, बेरीज-वजाबाकीसाठी पायऱ्यांवर उड्या मारणे हा सगळा बहुसंवेदी अध्यापनाचा भाग असून त्याची परंपरा 1930 च्या दशकात ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत घडवलेल्या पद्धतीपर्यंत जाते. खोटा आहे तो वेग. चित्रपटात हे काम एका गाण्याच्या लांबीत उरकते आणि त्याच सत्रात मूल वाचू लागते. व्यवहारात आठवड्यातून दोन-तीन तासिका, त्याही एकेकट्या मुलासाठी, वर्ष-दोन वर्षे चालवाव्या लागतात. सुटीनंतर मूल मागे जाते आणि वाचन सुधारल्यावरही शुद्धलेखन बराच काळ रखडते. काळाचा हा संकोच या प्रकाराचा जुनाच दोष आहे. हायमे एस्कलांते या अमेरिकी गणितशिक्षकावरील ‘स्टँड अँड डिलिव्हर’ (1988) पाहून अपूर्णांकांत अडखळणारी मुले दोन वर्षांत कलनशास्त्राची परीक्षा देतात असे वाटते. एस्कलांते त्या शाळेत 1974 पासून शिकवत होते आणि 1982 च्या ज्या निकालावर चित्रपट उभा आहे, त्यामागे मुलांची आधीच्या इयत्तांपासूनची पायाभरणी होती. ती पडद्यावर आली असती तर नाट्य उरले नसते, हेही मान्य करावे लागेल.

पालकांच्या दृष्टीने अधिक अडचणीचा आहे तो शेवट. ईशान चित्रकलेच्या स्पर्धेत पहिला येतो, आणि वाचता न येणाऱ्या प्रत्येक मुलात एक दडलेला कलावंत असतो असा समज घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. वाचनअक्षमता आणि कलागुण यांची अशी बांधलेली जोडी नाही. चित्रकला, गाणे, खेळ यांतही सामान्य असलेली वाचनअक्षम मुले भरपूर असतात, आणि ‘मग याच्यात आहे तरी काय’ असा शोध सुरू झाला की त्यांच्यावर दुसऱ्यांदा नापास होण्याची पाळी येते. निकुंभ वर्गात थोरांची जी यादी सांगतात, तीत आइन्स्टाइन आहेत. त्यांना ही अक्षमता असल्याचा भक्कम पुरावा नाही.

चित्रपटातील शाळा इंग्रजी माध्यमाची, सशुल्क आणि निवासी आहे. तिथे शिक्षक मुलाला संध्याकाळीही भेटू शकतो. त्याच जिल्ह्यातील जावळी किंवा पाटणच्या डोंगरी वाडीवरची जिल्हा परिषद शाळा बहुधा द्विशिक्षकी असते, कारण शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंतच्या पटाला दोनच शिक्षक मिळतात. पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाल्यावर एका मुलासाठी वेगळी तासिका काढायची म्हणजे दुसरी इयत्ता स्वाध्यायाला बसवायची. विशेष शिक्षक गटसाधन केंद्राकडून येतात, पण त्यांच्याकडे अनेक शाळा असतात. अशा शाळेत निकुंभांचा वाळूचा ट्रे चालतो, कारण वाळू फुकट मिळते आणि चार मुले एकाच वेळी गिरवू शकतात. मूल अक्षराचा उच्चार मोठ्याने करत बोटाने ते काढते, शिक्षक ते पुसतो, आणि तेच अक्षर डोळे मिटून पुन्हा काढायला लावतो. दिवसाला पंधरा मिनिटे आणि आठवड्याला दोनच अक्षरे, एवढाच त्याचा वेग असतो.