विश्वस्त मंडळापुढे ठेवायचा परिचय : निवृत्त अधिकाऱ्यांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात परिचय लिहून घ्यायला येणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा नोकरीच्या काळातला रेझ्युमे असतो. तो चांगलाच असतो, पण नोकरी मिळवण्यासाठी लिहिलेला असतो. तुम्हाला आता जायचे आहे धर्मादाय ट्रस्टकडे, सल्लागार म्हणून. तिथे परिचय वाचणारे पाच-सात विश्वस्त असतात. त्यांत एखादे डॉक्टर, एखादे वकील, देणगीदार कुटुंबातल्या एखाद्या बाई. तुमचे पद किती मोठे होते हे त्यांना एका ओळीत कळले तरी पुरते. त्यांना जाणून घ्यायचे असते ते वेगळेच : या माणसाला आपण नेमके काय विचारायचे?

परिचयातून याचे उत्तर मिळत नसेल, तर सभेत तो वाचला जातो, सगळे मान डोलावतात आणि पुढे फोन येत नाही. पात्र माणसांच्या बाबतीत हे घडताना आम्ही पाहिले आहे आणि त्याचे वाईट वाटते, म्हणून हे पत्रक.

एक नमुना घेऊ. तो दोन-तीन ग्राहकांच्या कामावरून जुळवला आहे, त्यातले तपशील बदललेले आहेत. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतून खरेदीप्रमुख म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि शंभर खाटांचे रुग्णालय चालवणारा एक ट्रस्ट. गृहस्थांनी आणलेल्या अडीच पानी परिचयाची सुरुवात अशी होती : ‘३१ वर्षांचा समृद्ध व बहुआयामी अनुभव. धोरणात्मक खरेदी, पुरवठा साखळी व्यवस्थापन व खर्च नियंत्रण यांत प्रावीण्य. उत्कृष्ट नेतृत्वगुण.’ यात खोटे काहीच नाही, पण हीच वाक्ये शंभर जणांच्या परिचयात चालतील.

आम्ही आधी ट्रस्टची बाजू समजून घेतली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, तिच्याखाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. इतर रुग्णांच्या बिलांतले २ टक्के ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जातात आणि या रुग्णांचा खर्च त्यातून भागतो. आता मुद्द्याची गोष्ट अशी, की त्यांच्यासाठी वापरलेली औषधे, साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीदरानेच धरायची असतात. म्हणजे सलाइनचा सेट किंवा हातमोजे रुग्णालयाने महाग घेतले, तर निधी तेवढा लवकर आटतो. दर वाजवी मिळाला, तर त्याच पैशांत आणखी काही रुग्णांचे उपचार होतात. खरेदीत आयुष्य घालवलेल्या माणसाची गरज इथे आहे, पण हे त्यांच्या अडीच पानांत कुठेच येत नव्हते.

मग आम्ही त्यांना तीन प्रश्न विचारले. तुम्ही बसवलेली कोणती पद्धत तुमच्यानंतरही चालू राहिली? काय फसले? आणि या रुग्णालयात तुम्हाला काय कळणार नाही? दुसऱ्या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प होते. नंतर जे बोलले, त्यातूनच परिचयातला सगळ्यात भरीव भाग तयार झाला. शेवटी उतरलेला मजकूर असा :

‘मी यांत्रिक अभियंता आहे. वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत ३१ वर्षे काम केले, शेवटची ९ वर्षे खरेदीप्रमुख होतो. आमच्याकडे एकच वस्तू वेगवेगळे विभाग वेगवेगळ्या दराने घेत असत. ती मागणी एकत्र करून वर्षाचा दरकरार करण्याची पद्धत मी सुरू केली. ती बसायला दोन वर्षे लागली. पहिल्या वर्षी आम्ही दर फार खाली ओढल्यामुळे दोन पुरवठादारांनी मध्येच माल देणे थांबवले. त्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूला दुसरा पुरवठादार ठेवला आणि देयके ठरल्या दिवशी देण्याचा नियम केला. रुग्णालयाच्या खरेदीचा मला अनुभव नाही. कोणते औषध वा इम्प्लांट घ्यायचे हा डॉक्टरांचा निर्णय आहे, त्यात मी पडणार नाही. नेहमी लागणाऱ्या साहित्याचे दरकरार, भांडारातील साठा, मुदत संपत आलेला माल आणि पुरवठादारांची देयके यांबाबत सल्ला देऊ शकेन. महिन्यातले दोन शनिवार सकाळी येऊ शकेन. मानधनाची अपेक्षा नाही. माझ्या चुलत भावाचा औषधांचा घाऊक व्यवसाय आहे. त्याच्याशी संबंधित कोणत्याही चर्चेत मी बसणार नाही.’

भावाचा उल्लेख घालायला ते कचरत होते. आम्ही आग्रह धरला. नात्यातल्या व्यवसायाकडून ट्रस्टने खरेदी केली, तर लेखापरीक्षक त्याची चौकशी करू शकतात. ही गोष्ट नंतर बाहेरून कळली तर सल्लागाराचा प्रत्येक जुना सल्ला संशयात येतो. आधीच सांगितली, तर सभेच्या इतिवृत्तात एक ओळ नोंदवून काम पुढे जाते.

या मजकुरात रुपयांचा एकही आकडा नाही, हेही लक्षात आले असेल. ‘४०० कोटींची खरेदी सांभाळली’ असे वाक्य कंपनीत वजनदार वाटते. लहान ट्रस्टला मात्र त्यातून वाटते, की यांना आपले काम किरकोळ वाटेल. शिवाय जुन्या कंपनीचे दर आणि पुरवठादारांची नावे बाहेर सांगण्यावर तुमच्या करारात बंधन असू शकते. पद्धत सांगायला कुणाची हरकत नसते.

एका शब्दाबाबत काळजी घ्या. ‘सल्लागार’ आणि ‘विश्वस्त’ एक नव्हेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार नवा विश्वस्त आला, की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो आणि तो मंजूर झाल्यावर नाव नोंदवहीत चढते. विश्वस्तावर मिळकत आणि हिशेब यांची कायदेशीर जबाबदारी असते. निव्वळ सल्लागाराचे नाव त्या नोंदवहीत जात नाही, तो मतदान करत नाही, धनादेशावर सही करत नाही. म्हणून परिचयात ‘मंडळावर काम करण्यास इच्छुक’ असे मोघम लिहू नका. ‘खरेदीविषयक सल्लागार, एक वर्षासाठी’ असे स्पष्ट लिहा. वर्षाची मुदत दोघांनाही सोयीची पडते, कारण न जमल्यास कुणाला राजीनामा मागावा लागत नाही. पुढे विश्वस्त व्हायचे ठरले, तर ट्रस्टची घटना वाचून त्याचा वेगळा विचार करावा, आणि त्यासाठी वकिलांना भेटावे. आम्ही फक्त लिहून देतो, कायद्याचा सल्ला देत नाही.

परिचय एका पानाचा, मराठीत आणि मोठ्या टायपात असावा. सभेत तो सहसा चिटणीस मोठ्याने वाचतात, त्यामुळे आम्ही मसुदा तुम्हाला एकदा मोठ्याने वाचायला लावतो. जिथे जीभ अडखळते तिथले वाक्य बदलतो. इंग्रजी आद्याक्षरे काढतो. पुरस्कार आणि परदेश दौरे शेवटच्या ओळीत जातात, किंवा जातच नाहीत. यावर कधी कधी ग्राहक नाराज होतात. ते आम्ही समजू शकतो, तरीही आमचे मत तेच आहे.

येताना जुना रेझ्युमे आणाच, पण त्याबरोबर ट्रस्टचा मागील वर्षाचा अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब मिळाले तर तेही आणा. खर्चाच्या बाजूला कोणती रक्कम मोठी आहे ते पाहूनच पहिली बैठक सुरू करू. ती साधारण दीड तासाची असते आणि पहिला मसुदा चार दिवसांत मिळतो.