वाफ वाढली की ड्रम लेव्हल वर का जाते, आणि तीन एलिमेंट कंट्रोल का लावतो

आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार म्हणजे "ड्रम लेव्हल ऑटोवर टिकत नाही, माणूस मॅन्युअलवरच चालवतो". बहुतेक वेळा व्हॉल्व्हही ठीक असतो आणि ट्रान्समीटरही, घोळ असतो कंट्रोलर फक्त लेव्हल बघून पाणी सोडतो, यात.

साखर कारखान्यातला बगॅस बॉयलर घ्या. वाफ 40 टीपीएचवर चाललीय आणि टर्बाईनने एकदम 50 मागितली. ड्रमचं प्रेशर पडतं, मग पाण्यातले बुडबुडे फुगतात, थोडं पाणीही तिथल्या तिथे वाफ होतं, आणि लेव्हल वर जाते. चहा उतू येतो तेव्हा पातेल्यात कोणी पाणी ओतलेलं नसतं ना, तसंच. याला स्वेल म्हणतात. लोड कमी झाला की प्रेशर वाढतं, बुडबुडे दबतात आणि लेव्हल खाली दिसते, ते श्रिंक. थंड फीड वॉटर एकदम जास्त सोडलं तरी श्रिंक होतं.

आता फक्त लेव्हल बघणारा कंट्रोलर काय करतो, त्याला दिसतं लेव्हल 60 मिमी वर, तो व्हॉल्व्ह दाबतो, समजा फीड 34 टीपीएचवर आणतो. वाफ 50 जातेय, पाणी 34 येतंय, म्हणजे तासाला 16 टनांची तूट, दोन मिनिटांत साधारण 530 किलो. ड्रम 1.4 मीटर व्यासाचा, 8 मीटर लांब आणि प्रेशर 45 किलोच्या आसपास धरलं तर मधल्या पातळीला 1 मिमी म्हणजे जवळपास 9 किलो पाणी, म्हणजे लेव्हल खरोखर 60 मिमी खाली गेलेली असते, पण फुगवट्यामुळे ते दिसत नाही. फायरिंग वाढून प्रेशर सावरलं की बुडबुडे बसतात, लेव्हल धाडकन खाली येते आणि लो लेव्हलचा अलार्म वाजतो.

तीन एलिमेंट म्हणजे वाफेचा फ्लो, फीडचा फ्लो आणि लेव्हल. यात वाफेचा फ्लो आधी बोलतो: 50 जातेय तर फीडला 50 द्या. फीडचा फ्लो मीटर व्हॉल्व्हला तेवढंच पाणी सोडायला लावतो, पंपाचं प्रेशर हललं तरी. लेव्हल कंट्रोलर वरून फक्त बारीक दुरुस्ती करतो, ब्लोडाऊनचं पाणी, मीटरची थोडी चूक वगैरे. म्हणून त्याचा गेन मऊ ठेवा, "लेव्हल हलते" म्हणून तो वाढवलात तर स्वेलच्या मागे धावणारा तोच जुना कंट्रोलर परत आला समजा 🙂

कमी लोडला मात्र हे चालत नाही. ऑरिफिस मीटरचा डीपी फ्लोच्या वर्गाप्रमाणे पडतो, 25 टक्के फ्लोला जेमतेम 6 टक्के, तिथे रीडिंगवर भरवसा नको. म्हणून स्टार्टअपला एकच एलिमेंट, म्हणजे फक्त लेव्हल, आणि साधारण 30 टक्क्यांच्या वर लोड स्थिर झाल्यावर तीनवर जा, जाताना व्हॉल्व्हला झटका बसू नये एवढं बघा.

आम्हाला बोलावण्याआधी लोड वाढलेल्या वेळेचा वाफ, फीड आणि लेव्हल असा ट्रेंड काढा. वाफ आणि लेव्हल वर जाताना फीड खाली जात असेल तर वर सांगितलेलाच प्रकार आहे.