जर–तर जोडी (मराठी संकेतार्थी वाक्यातील)

जर–तर ही अट आणि तिचा परिणाम सांगणारी दोन वाक्ये सांधणारी अव्ययांची जोडी. शालेय व्याकरणात ती ‘संकेतबोधक उभयान्वयी अव्यये’ या वर्गात येते. जो–तो, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसा–तसा या जोड्यांशी तिचे रूपसाम्य उघड आहे, कारण सर्वांच्या आरंभी ‘ज’ आणि ‘त’ आहेत. वाक्यात मात्र तिचे वागणे या जोड्यांहून वेगळे आहे.

व्युत्पत्ती : ‘तर’ संस्कृत ‘तर्हि’वरून आला, याबद्दल फारसा वाद नाही. ‘जर’बद्दल दोन मते संभवतात. एका मते तो ‘यर्हि’चा थेट वारस आहे. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे नियमितच आहे. अडचण अशी, की ‘यर्हि’ मुख्यतः वैदिक गद्यात आढळतो आणि पुढच्या संस्कृतात विरळ होतो. तेथे अट सांगण्याचे काम ‘यदि’ करतो व त्याचे प्राकृत रूप ‘जइ’ होते. म्हणून दुसरे मत असे, की ‘जइ’ प्रचारात असताना ‘तर’च्या नमुन्यावर ‘जर’ घडला. जोडीतील एका शब्दाने दुसऱ्याला आपल्या साच्यात ओढणे भाषेत वारंवार घडते, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या मराठीत ‘जरि–तरि’, ‘जरी–तरी’ ही रूपे साध्या अटीसाठीही येतात. आज ‘जरी–तरी’ विरोध दाखवते. म्हणून जुनी ओवी वाचताना ‘जरी’चा अर्थ संदर्भावरून ठरवावा लागतो.

‘तर’ कोणत्या वाक्याचा? : छापील मराठीत स्वल्पविराम ‘तर’च्या आधी देतात : ‘जर पाऊस आला, तर खेळ थांबेल.’ बोलताना विराम बहुधा ‘तर’च्या नंतर पडतो : ‘पाऊस आला तर... खेळ थांबेल.’ वाक्याचा क्रम उलटला की निवाडा सोपा होतो. ‘मी येईन, वेळ मिळाला तर’ असे आपण म्हणतो, म्हणजे ‘तर’ अटीच्या वाक्याबरोबर मागे जातो. जो–तो जोडीत असे होत नाही. ‘त्याला बोलाव, जो काल आला होता’ या उलट्या क्रमातही ‘तो’ मुख्य वाक्यातच राहतो. सारांश, ‘तो’ मुख्य वाक्याचा घटक आहे, तर ‘तर’ अटीच्या शेवटाला चिकटलेला शब्द आहे. कन्नडमधील ‘बंदरे’ (आला तर) आणि कोकणीतील ‘आयल्यार’ या रूपांतही अटीची खूण क्रियापदाच्या शेवटी असते. हे साम्य लक्षणीय आहे, पण त्यावरून कोणी कोणाकडून घेतले हे ठरत नाही.

लोप : यातूनच लोपाचा नियम निघतो. ‘जर’ गाळता येतो आणि बोलण्यात बहुधा गाळलाच जातो, ‘तर’ टिकतो. ‘जर तू आलास, मला आनंद होईल’ किंवा ‘मी येईन जर वेळ मिळाला’ ही वाक्ये इंग्रजी वळणाची आहेत. दुसऱ्यात ‘तर’ जोडला, ‘मी येईन, जर वेळ मिळाला तर’, की वाक्य मराठी होते.

मेळ व त्यातील चुका : जो–तो यांचा मेळ लिंग व वचन यांत असतो, विभक्तीत नसतो. विभक्ती प्रत्येकाला आपापल्या वाक्यातून मिळते : ‘ज्या मुलीने अर्ज दिला, तिला बोलवा.’ पसायदानातील ‘जो जें वांछील तो तें लाहो’ या चरणात दोन जोड्या एकाच वाक्यात गुंफल्या आहेत आणि प्रत्येकीला तिचा जोडीदार मिळाला आहे. ‘जर’चा शब्द न वापरताही येथे अटीचा अर्थ आहे : ज्याने जे इच्छिले, त्याला ते मिळो.

या अर्थसाम्यामुळेच सूचनाफलकांच्या व नियमावलींच्या भाषेत दोन जोड्या एकमेकींत अडकतात. उदाहरणार्थ : ‘जर ज्या विद्यार्थ्याने शुल्क भरले नसेल, त्याला परीक्षेला बसता येणार नाही.’ येथे ‘ज्या’ला ‘त्याला’ मिळाला, पण ‘जर’ एकटा पडला. ‘त्याला’च्या आधी ‘तर’ घातल्यानेही दोष जात नाही, कारण एकच अट दोनदा बांधली जाते. ‘जो’ला मुख्य वाक्यात ‘तो’ लागतो. ‘जर’च्या वाक्यात व्यक्ती अनिश्चित असेल, तर ‘एखादा’ किंवा ‘कोणी’ शोभतो. म्हणून दुरुस्त्या दोन : ‘ज्या विद्यार्थ्याने शुल्क भरले नसेल, त्याला...’ किंवा ‘जर एखाद्या विद्यार्थ्याने शुल्क भरले नसेल, तर त्याला...’. कायद्याच्या भाषेत पहिली रचना रूढ आहे : ‘जो कोणी... करील, त्याला... शिक्षा होईल.’

‘जरी तो आजारी होता, पण आला’ हीदेखील जोडी मोडल्याची खूण आहे. तेथे ‘तरी’ हवा.

जोडी तपासताना ‘तर’ मोजून भागत नाही. ‘मी तर येणारच’ यातील ‘तर’ केवळ जोर देतो. त्याला ‘जर’ची अपेक्षा नसते, म्हणून ‘जर तू तर येणार नसशील, तर मी कशाला जाऊ?’ यात दोन ‘तर’ असूनही वाक्य निर्दोष आहे. वऱ्हाडीत ‘तर’ऐवजी ‘तं’ ऐकू येतो : ‘आला तं सांग.’