स्विमलेन आणि एक्स्पेडाइट लेन: दिसायला जुळ्या, वागायला निराळ्या

टीमचा कानबान बोर्ड, म्हणजे जिथे प्रत्येक कामाचं कार्ड कॉलमांतून पुढे सरकतं तो फळा. त्याच्या सगळ्यात वर एक आडवी पट्टी, तिला लाल रंग, नाव 'तातडीचे'. आणि त्या पट्टीतलं एकुलतं एक कार्ड सकाळपासून रिव्ह्यूच्या कॉलममध्ये तसंच पडून. कुणाला विचारलं तर उत्तर येतं, "आपल्याकडे एक्स्पेडाइट लेन आहे ना!" नाहीये. त्यांच्याकडे एक स्विमलेन आहे आणि तिला एक्स्पेडाइट हे नाव दिलेलं आहे. बोर्डावर दोन्ही अगदी सारख्याच दिसतात, म्हणून हा घोळ होतो.

स्विमलेन म्हणजे कानबान बोर्डावरची आडवी ओळ. कॉलम सांगतात काम कुठवर आलंय, स्विमलेन सांगते ते काम कुठल्या गटातलं आहे. ग्राहकानुसार, मॉड्यूलनुसार, एपिकनुसार किंवा 'नवीन काम' आणि 'देखभाल' अशा कशाही गटात कार्डं वाटता येतात. नाव पोहण्याच्या तलावातल्या दोऱ्यांनी आखलेल्या पट्ट्यांवरून आलंय आणि ते चपखल आहे. वरच्या पट्टीत पोहणारा केवळ वरच्या पट्टीत आहे म्हणून वेगाने जात नाही. खालच्या पट्टीतलं कुणी त्याच्यासाठी थांबतही नाही.

एक्स्पेडाइट लेन हा मुळात करार आहे. कानबानमध्ये कामांना सेवेचे वर्ग देतात: नेहमीचं काम, ठरलेल्या तारखेचं काम, आज न दिसणाऱ्या फायद्याचं काम, आणि एक्स्पेडाइट म्हणजे तातडीचं काम. या शेवटच्या वर्गातलं कार्ड आलं की टीमने काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं: कोण हातातलं सोडणार, एका कॉलममध्ये एका वेळी किती कार्डं याची कुठली मर्यादा मोडलेली चालेल, रिलीजची वाट पाहायची की नाही. पट्टी ही त्या ठरावाची फक्त पाटी. ठराव पक्का असेल तर पट्टी नसली तरी चालतं, कार्डाला लाल रंग दिला तरी पुरे.

आपल्याकडे यातलं नेमकं काय आहे हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो: ती आडवी रेघ उद्या पुसली तर कुणाच्या वागण्यात काही फरक पडेल का? नाही पडणार, तर ती स्विमलेन होती.

एक उदाहरण घेऊन बघू. चार डेव्हलपर, एक टेस्टर. कॉलम: डेव्हलपमेंटची मर्यादा ३, रिव्ह्यूची २, टेस्टिंगची २, मग रिलीज. रिलीज रोज सकाळी दहाला. बोर्ड भरलेला आहे. सकाळी ११:२० ला कळतं की कालच्या रिलीजनंतर काही ऑर्डर दोनदा नोंदल्या जातायत. कारणही लवकर सापडतं. सर्व्हरकडून उत्तर यायला उशीर झाला की ॲप तीच विनंती पुन्हा पाठवतं, हे आधीपासूनच होतं. पण प्रत्येक ऑर्डरसोबत एक ओळख-क्रमांक जायचा, त्यामुळे दुसरी विनंती आली की सर्व्हर ओळखायचा की ही तीच ऑर्डर आहे. कालच्या बदलात हा क्रमांक दर प्रयत्नाला नव्याने तयार व्हायला लागला. आता सर्व्हरला दोन्ही विनंत्या वेगळ्या वाटतात. कालचा बदल मागे घेतला की दुहेरी नोंदी थांबतील.

आधी नुसती स्विमलेन असलेली टीम. कार्ड वरच्या पट्टीत लागतं. डेव्हलपमेंटमध्ये ३ कार्डं आधीच आहेत, म्हणून चर्चा सुरू होते: मर्यादा मोडायची का? "एक कार्ड पुढे सरकू दे, मग घेऊ." पुढे रिव्ह्यूही भरलेला, त्यामुळे काही सरकत नाही. साडेबाराला शेवटी एकजण ते उचलतो आणि वीस मिनिटांत बदल मागे घेऊन ठेवतो. रिव्ह्यूमध्ये आधीची दोन कार्डं आहेत, जो तो आपल्या कामात, आणि सव्वातीनला कुणीतरी बघतं. टेस्टर एका मोठ्या फीचरच्या मध्यात असते, ते हातावेगळं करून साडेचारला याकडे वळते. सव्वापाचला टेस्टिंग संपतं. रिलीज दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. म्हणजे जवळजवळ तेवीस तास, आणि त्यात प्रत्यक्ष हात लागलेला वेळ दीड तासाच्या आसपास. यात कुणीही आळस केलेला नाही. प्रत्येकाने नेहमीचा नियम पाळला, कारण वेगळा नियमच नव्हता.

आता ठराव असलेली टीम. ११:२५ ला त्या आठवड्याचा ऑन-कॉल डेव्हलपर कार्ड घेतो. त्याचं आधीचं कार्ड आहे तिथेच, डेव्हलपमेंटमध्येच राहतं आणि त्यावर 'थांबवलंय' अशी खूण लागते. कॉलममध्ये आता ३ च्या जागी ४ कार्डं आहेत, आणि ते चालेल असं ठरलेलं आहे. बदल मागे घ्यायचा तो मुख्य शाखेवर नाही, कारण तिथे अर्धवट कामं येऊन पडलेली असतात. प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात तिथे, जी आवृत्ती चालू आहे, तिच्यावरूनच शाखा काढायची:

```
git switch -c hotfix/duplicate-order v4.7.2
git revert 9c1e2ab
```

११:५० ला कार्ड रिव्ह्यूत. रिव्ह्यू कोण करणार हेही ठरलेलं: जो सगळ्यात जवळ मोकळा होऊ शकतो तो, हातातलं वाक्य अर्धवट सोडून. १२:०० ला टेस्टिंग. टेस्टर सगळं तपासत बसत नाही. उत्तर मुद्दाम उशिरा देऊन एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाते का, हे पाहते आणि पैसे भरण्याची मुख्य वाट एकदा चालून बघते. १२:४० ला झालं. नेहमीच्या रिलीजची वाट न पाहता १ वाजता प्रॉडक्शनवर. अर्धा तास नोंदी पाहिल्या, दुहेरी ऑर्डर नाही. दीडला कार्ड पट्टीतून बाहेर. एकूण दोन तास दहा मिनिटं. कामाचा वेळ दोन्ही टीमचा जवळपास सारखाच आहे. जी बचत झाली ती सगळी वाट पाहण्यातली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कार्ड पट्टीतून बाहेर पडलं ते नुकसान थांबलं म्हणून. काम संपलं म्हणून नाही, काम तर अजून उरलंय. हॉटफिक्स, म्हणजे ही तातडीची दुरुस्ती, मुख्य शाखेत आणायचाय. तो राहून गेला तर पुढच्या रिलीजला तोच बग परत हजर होतो, आणि लोक म्हणतात "हे तर आपण सोडवलं होतं!" आधी दोनदा नोंदलेल्या ऑर्डर साफ करायच्यात. आणि मागे घेतलेला बदल नीट करून पुन्हा आणायचाय. यातलं पहिलं काम हातासरशी, पट्टी सोडण्याआधीच करून टाकावं. बाकीची दोन नेहमीच्या ओळीत जातात. ऑर्डर साफ करण्याचं काम बिलं निघायच्या आत व्हायला हवं, म्हणजे ते ठरलेल्या तारखेचं. ही कामं तातडीच्या पट्टीतच ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे ती लवकर होतात. तसं केलं की आठवड्याभरात पट्टी भरते आणि मग तिचा काही उपयोग उरत नाही.

म्हणून या पट्टीची मर्यादा बहुतेक टीम १ ठेवतात, आणि माझ्या मते ती हट्टाने पाळावी. दुसरं तातडीचं काम आलं तर कुणीतरी एकाने ठरवायचं की दोन्हीतलं कुठलं खरोखर तातडीचं आहे. दुसरं नेहमीच्या रांगेत सगळ्यात पुढे उभं राहील. हे ठरवणारा माणूस आधीच नेमलेला असावा. ऐन वेळी ग्रुपवर मतदान घेऊ नये. आत येण्याची अटही एका ओळीत मावेल इतकी साधी हवी. उदाहरणार्थ: ग्राहकाचे पैसे, डेटा किंवा काम करण्याची मुख्य वाट आत्ता बिघडलेली आहे आणि तात्पुरता उपाय नाही. तात्पुरता उपाय असेल, एखादा स्विच बंद करून नुकसान थांबत असेल, तर स्विच बंद करा आणि कार्ड नेहमीच्या ओळीत घ्या.

या सगळ्याची किंमत असते आणि ती बाकीची कार्डं भरतात. लिटलचा नियम सांगतो की कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू असलेली कामं भागिले पूर्ण होण्याचा दर. समजा आपल्या टीमकडे सरासरी ६ नेहमीची कार्डं चालू आहेत आणि दिवसाला २ पूर्ण होतात. म्हणजे एका कार्डाला सरासरी ३ दिवस. आता दर दोन दिवसांनी एक तातडीचं कार्ड घुसलं आणि त्याला साधारण एका कार्डाइतकी मेहनत लागली, तर नेहमीच्या कामांसाठी दिवसाला दीडच उरतो. ६ भागिले १.५, म्हणजे ४ दिवस. सरासरी एका दिवसाने वाढली, हे त्यातलं सोपं दुखणं. जास्त त्रासदायक हे की थांबवलेलं कार्ड कधी तीन दिवसांत होतं, कधी आठ दिवस रखडतं. मग "कधी मिळेल?" याचं उत्तर कुणाला देता येत नाही. पुढचा माणूस ते ओळखून आपलंही काम 'तातडीचं' म्हणून आणतो, आणि चक्र फिरू लागतं.

टूलची एक गंमत सांगतो. जिरा या कामं नोंदवायच्या टूलमध्ये क्वेरीवरून स्विमलेन बनवता येते, आणि बरेच जण तातडीच्या पट्टीसाठी `priority = Highest` अशी अट लावतात. मग प्राधान्य बदलण्याची मुभा ज्याला आहे तो प्रत्येकजण नकळत या पट्टीचा द्वारपाल होतो. ड्रॉपडाऊनमध्ये एक क्लिक, आणि कार्ड वर. अटीसाठी वेगळं लेबल ठेवून ते लावायचं काम एकाच माणसाकडे दिलं तर हे बरंच आटोक्यात येतं. शिवाय जिरात मर्यादा अख्ख्या कॉलमवर लागते, स्विमलेनवर वेगळी लागत नाही. त्यामुळे पट्टीची १ ची मर्यादा टूल पाळून देणार नाही, ती टीमलाच पाळावी लागते. आणि भरलेल्या कॉलममध्ये तातडीचं कार्ड आत आलं की कॉलम लाल होतो. हा लाल रंग दिसला की काही टीम घाबरून थांबवलेलं कार्ड मागच्या कॉलममध्ये सरकवतात, म्हणजे आकडा बरोबर दिसावा. तसं करू नये. ते काम अर्धं झालेलं आहे, कुणाच्या तरी डोक्यात आहे, आणि त्याचं वय वाढतंच आहे. बोर्डाने ते दाखवायलाच हवं.

आपली पट्टी खरी आहे की नुसती रंगवलेली, हे तपासायला मागची पाच तातडीची कार्डं उघडा आणि प्रत्येक कॉलममध्ये ती किती वेळ होती ते बघा. रिव्ह्यूत तास गेले असतील तर हातातलं सोडण्याचा ठराव नाही, किंवा तो रिव्ह्यू करणाऱ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. रिलीजच्या आधी रात्र गेली असेल तर अवेळी रिलीज करायची वाटच नाही, आणि आधीच्या सगळ्या घाईचा उपयोग शून्य. आणि पाच कार्डं शोधायला एक आठवडाही मागे जावं लागलं नाही, तर आधी आत येण्याची अट तपासा, रिव्ह्यूचं नंतर बघू.