‘नमो मरिये’चं कार्ड छापायला देण्याआधी

मे आणि ऑक्टोबर आले की दांडिया बाजारातल्या आमच्या छापखान्यात ‘नमो मरिये’च्या कार्डांच्या ऑर्डरी सुरू होतात. आणि दर वेळी कोणी ना कोणी सांगतंच, “प्रार्थना बायबलमधलीच आहे, खाली लूक 1:28 टाका.” गेल्या वर्षी एका कुटुंबाने मुलीच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी 150 कार्डं अशीच करून घेतली. प्रूफवर सही त्यांचीच होती. आदल्या संध्याकाळी फादरांनी कार्ड हातात घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे लूकमध्ये कुठे आहे?” आम्ही रात्री बसून सगळी कार्डं पुन्हा छापली. असं पुन्हा होऊ नये म्हणून हे पत्रक.

‘नमो मरिये, कृपापूर्णे, प्रभू तुजबरोबर’ हे नाझरेथात गब्रिएल दूताने केलेलं अभिवादन, आणि लूक 1:28 एवढ्यापुरतंच. त्यातही ‘मरिये’ हा शब्द त्या वचनात नाही. दूत तिचं नाव दोन वचनांनंतर, 1:30 मध्ये घेतो. नाव प्रार्थनेत मागाहून आलं. मूळ ग्रीकमध्ये ‘खैरे, केखारितोमेने’ असं आहे. ‘खैरे’ म्हणजे भेटल्यावर करायचा नमस्कार, आणि त्याच शब्दाचा अर्थ ‘आनंद कर’ असाही होतो. दुसऱ्या शब्दाचा अर्थ, जिच्यावर कृपा झाली आहे आणि ती टिकून आहे अशी स्त्री. लॅटिन बायबलने त्याचं ‘ग्रातिया प्लेना’ केलं, त्यावरून आपलं ‘कृपापूर्ण’. म्हणून घरच्या मराठी बायबलशी शब्द जुळले नाहीत तर प्रूफ चुकलं असं समजू नका.

‘स्त्रियांमध्ये तू धन्य, आणि तुझ्या उदरीचे फळ येशू धन्य’ हे दूताचं बोलणं नाही. ते अलिशिबेचं, लूक 1:42. मरिया तिच्या दारात येते, नमस्कार करते, पोटातलं बाळ उसळी घेतं आणि अलिशिबा मोठ्याने हे म्हणते. ‘स्त्रियांमध्ये धन्य’ हे तिचं नवं नव्हतं. शास्ते 5:24 मध्ये दबोराच्या गीतात याएलला असंच म्हटलं आहे. ‘येशू’ हे नाव इथेही मागाहून जोडलेलं.

‘हे पवित्र मरिये, देवाच्या माते’ इथून पुढचं कुठल्याही एका वचनात नाही. ती ख्रिस्तसभेची विनंती आहे. पण ती निराधार नाही: अलिशिबा 1:43 मध्ये मरियेला ‘माझ्या प्रभूची आई’ म्हणते, आणि ‘देवाची माता’ ही पदवी इफिससच्या धर्मसभेने 431 साली मान्य केली. ‘आता व आमच्या मरणाच्या वेळी’ यासह आजचा पूर्ण पाठ 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. म्हणून आम्ही पहिल्या भागाखाली दोन्ही वचनं देतो आणि दुसऱ्या भागाखाली काहीच देत नाही.

दोन भागांमध्ये आम्ही एक ओळ मोकळी सोडतो. कार्ड छोटं असलं की ती काढून टाकायचा आग्रह होतो. कृपया करू नका. माळ चालवणारा ‘येशू धन्य’पर्यंत म्हणतो आणि तिथून बाकीचे उचलतात, ओळ चिकटली की नवी माणसं अडखळतात. जागा कमी असेल तर कडेची वेलबुट्टी काढू.

“एकच प्रार्थना पुनःपुन्हा का? मत्तय 6:7 मध्ये प्रभूने मनाई केली आहे,” असं काउंटरवर हमखास विचारतात. तिथे मनाई आहे ती पुष्कळ बोलल्याने देव ऐकेल या समजुतीने केलेल्या पोकळ बडबडीला. गेथशेमानेत प्रभूने स्वतः तिसऱ्यांदा ‘तेच शब्द’ म्हणून प्रार्थना केली (मत्तय 26:44), आणि स्तोत्र 136 मध्ये एकच पालुपद 26 वेळा येतं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते 150 स्तोत्रांऐवजी पूर्वी 150 वेळा ‘हे आमच्या बापा’ म्हणत, पुढे ‘नमो मरिये’. पंधरा दशकांची माळ त्यातून आली. प्रकाशाची पाच रहस्यं 2002 मध्ये जोडली गेली. ओठांवर शब्द चालू राहतात, मन रहस्यावर असतं. आनंदाच्या पहिल्या रहस्यात दूताचंच वाक्य दहा वेळा म्हणताना आपण त्याच घरात उभे असतो. माझी आई शब्दांकडे लक्ष न देता म्हणायची असं मला लहानपणी वाटे. ती रहस्याकडे पाहत असायची.

आता ऑर्डरविषयी. मराठी पाठात धर्मग्रामानुसार एखाद-दुसरा शब्द बदलतो, आणि वडोदऱ्यात चर्चमध्ये गुजराती व घरी मराठी म्हणणाऱ्यांकडून फोनवर सांगताना ओळी मिसळतात. म्हणून फादरांनी पाहिलेला पाठ कागदावर आणा. प्रूफ आम्ही मोफत दाखवतो. सोबत माळ हवी असेल तर 59 मण्यांच्या माळा, 53 लहान आणि 6 मोठे मणी, कार्डाबरोबर एकाच पाकिटात भरून देतो. माळ घेताना मणी इथेच मोजून घ्या.