अंडं पराठ्याला कधी धरतं, कधी सोडतं

कोलकात्यात एग रोलच्या गाडीवर अंडं मगात फोडून मीठ टाकून फेटलं जातं, मोठ्या सपाट तव्यावर ओतलं जातं आणि ते थिजण्याआधी त्यावर अर्धवट भाजलेला पराठा दाबून बसवला जातो. मिनिटभराने तो उलटला की वर पिवळा, सलग थर दिसतो. त्यावर कांद्याच्या उभ्या चिरी, हिरवी मिरची आणि लिंबू घालून रोल कागदात गुंडाळतात. घरी हाच प्रकार केला की अनेकदा पराठा एकीकडे आणि ऑम्लेट दुसरीकडे होतं. गुंडाळताना अंडं सरकतं, सुरकुततं आणि पहिल्याच घासाला सगळं बाहेर ओढलं जातं.

इथे अंडं हे सारणही आहे आणि गोंदही. गोंद ओला असतानाच चिकटतो, वाळल्यावर नाही. अंड्याचा हा ओलेपणा तव्यावर किती वेळ टिकतो यावर रोलचं भवितव्य ठरतं, आणि तो वेळ फारच थोडा असतो.

अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी आणि १० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. कच्च्या अंड्यात ही प्रथिनं गुंडाळलेल्या दोऱ्यांसारखी सुटी तरंगत असतात. उष्णता लागली की ती उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी पाण्याला धरून ठेवते. यालाच आपण अंडं थिजलं म्हणतो. सगळी प्रथिनं एकाच वेळी उलगडत नाहीत. पांढऱ्यातली काही ६१-६२ अंश सेल्सिअसलाच थिजू लागतात, तर त्यातलं मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, ८० अंशांच्या आसपास घट्ट होतं. पिवळा बलक ६५ ला दाटतो आणि ७० पर्यंत जमतो. फेटल्यावर दोन्ही मिसळतात आणि मिश्रण हळूहळू घट्ट होत जातं.

पराठ्याच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे, फोड आणि भेगा असतात. पातळ अंडं त्यात शिरतं आणि तिथेच थिजतं. खिळा लाकडात रुतावा तसं. पण याहून पक्का सांधा दुसऱ्या एका गोष्टीमुळे होतो. मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि खळीसारखा होतो तो साधारण ६० ते ६५ अंशांना, म्हणजे अंडं थिजू लागतं त्याच पट्ट्यात. पराठ्याची अंड्याकडची बाजू अजून अर्धकच्ची असेल, तर तिथला स्टार्च अंड्यातलंच पाणी शोषून फुगतो आणि दोन्ही एकत्र घट्ट होतात. त्यामुळे पूर्ण भाजून, तेलात तळून ठेवलेल्या पराठ्यापेक्षा एका बाजूने जेमतेम शेकलेला पराठा अंड्याला जास्त धरतो. अगदी कच्च्या पोळीवर मात्र अंडं ओतू नये. कणीक शिजेपर्यंत अंडं करपतं आणि कणकेतून निघणारी वाफ सांधाच उचलून टाकते.

आता एका रोलचा हिशोब. ५० ग्रॅम मैदा, २६ मिलिलिटर पाणी, एक छोटा चमचा तेलाचं मोहन आणि चिमूटभर मीठ घेतलं की ८० ग्रॅमचा गोळा होतो. तो झाकून अर्धा तास ठेवायचा. न मुरलेली कणीक लाटताना मागे खेचली जाते आणि पराठा लहान पण जाड होतो. हा गोळा १९ सेंटिमीटर व्यासाचा लाटला की जाडी सव्वादोन-अडीच मिलिमीटर येते. एक मध्यम अंडं, कवच काढून, सुमारे ५० ग्रॅमचं असतं. ते या पराठ्याएवढ्या वर्तुळात पसरलं तर थर पावणेदोन मिलिमीटरचा होतो. ही जाडी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. याहून बराच पातळ थर जाळीदार आणि ठिसूळ होतो. खूप जाड केला तर खालचा भाग तपकिरी झाला तरी पराठ्याला लागलेला भाग ओलाच राहतो. म्हणून २५ सेंटिमीटरच्या मोठ्या पराठ्याला एक अंडं पुरत नाही आणि १५ सेंटिमीटरच्या छोट्याला दोन घालून उपयोग नाही.

अंडं फेटताना मीठ टाका, पाणी किंवा दूध नको. दूध घातलं की ऑम्लेट मऊ होतं हे खरंच आहे, पण ते मऊ होतं कारण प्रथिनांची जाळी विरळ होते, आणि इथे नेमकी तीच जाळी ताण सोसणार आहे. फेटणंही बेताचंच: पांढऱ्याच्या गाठी मोडल्या आणि रंग एकसारखा झाला की पुरे. फेस आणला तर प्रत्येक बुडबुडा पुढे भोक होतो. कांदा-मिरची अंड्यात मिसळायचा मोह घरोघरी होतो. कांद्याचा तुकडा दोन मिलिमीटरचा असला तरी थरापेक्षा जाडच, शिवाय तो पाणी सोडतो. अंडं फाटायला सुरुवात बहुधा अशा तुकड्याच्या कडेलाच होते. कोलकात्याच्या रोलमध्ये कांदा वरून, कच्चा येतो. त्याने चव तर येतेच, थरही सलग राहतो.

तव्याकडे वळू. गरम लोखंडाला अंड्यातली प्रथिनं थेट चिकटू शकतात, आणि एकदा चिकटली की उलथन्याखाली अंडं तुटतं. म्हणून मध्ये तेलाचा सलग पापुद्रा हवा. तवा आधी तापवायचा, मग चमचाभर तेल पसरायचं, मग अंडं ओतायचं. थंड तव्यावर ओतलेलं अंडं थिजण्याआधी लोखंडाच्या बारीक ओरखड्यांत उतरतं आणि तिथेच पकडून बसतं. तेल घालण्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो बसून संथपणे उकळत राहिला तर तवा अजून थंड आहे. चुर्र करत एक-दोन सेकंदांत उडाला तर ठीक. आणि थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागला, तर तवा २०० अंशांच्या आसपास किंवा वर गेलाय. अशा तव्यावर अंड्यातलं पाणी झपाट्याने वाफ होतं, अंडं फुगतं, फोड येतात आणि पराठा ठेवायला ओला भागच उरत नाही.

पराठा एका बाजूने फिकट तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजा. उलटून दुसरी बाजू फक्त २०-३० सेकंद, ओली चकाकी जाईपर्यंत. ही दुसरी बाजू अंड्याची. पराठा ताटलीत काढा आणि त्या बाजूला सुटी पिठी दिसली तर कोरड्या फडक्याने झटका. पिठी हे न दिसणारं मोठं कारण आहे. अंडं पराठ्याऐवजी पिठाच्या कणांना चिकटतं आणि ते कण पराठ्याला धरून नसतातच. त्यामुळे या पराठ्याला पिठीपेक्षा तेलाचा हात लावून लाटणं बरं. तेही नावाला, कारण पराठा तेलाने माखलेला असेल तर अंडं त्याला भिजवूच शकत नाही. आधी तळून रचून ठेवलेले पराठे वापरायचे असतील तर अंड्याची बाजू कागदाने टिपून घ्या.

मग तेल लावलेल्या तव्यावर अंडं ओतून पळीच्या पाठीने पराठ्याएवढं पसरवायचं. कडा पांढुरक्या होऊ लागतील, मध्यभाग अजून ओला आणि चकाकता असेल. पराठा ठेवायची वेळ हीच. ओतल्यापासून साधारण पाच ते आठ सेकंद. पराठा एका कडेने टेकवत खाली आणा, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. सपाट आपटला तर हवा मध्येच कोंडते. लगेच घडी केलेल्या फडक्याने किंवा उलथन्याने मधून कडेकडे दाबत जा. पराठ्याबाहेर आलेली अंड्याची झालर आत वळवून घ्या, नाहीतर ती कडक होते आणि तिथूनच चीर पुढे सरकते.

आच मध्यम ठेवून ४० ते ६० सेकंद थांबा. थिजलेल्या अंड्याखालचं पाणी तेलातून वाफ होऊन निघू लागलं की अंडं स्वतःच तवा सोडतं. पराठा हलकेच फिरवून पाहा. फिरला तर उलटा, अडला तर आणखी दहा सेकंद द्या. घाईने खरवडणं हेच बहुतेक फाटलेल्या थरांचं कारण असतं.

चुकलंच, तर सुटलेला थर काय झालं ते सांगतो. अंडं अख्खं निघालं आणि पराठ्याकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत दिसली, तर पराठा उशिरा ठेवला गेला. ती बाजू पांढुरकी, पिठूळ असेल तर पिठी झटकायची राहिली. गोल पोकळ्या दिसल्या तर मध्ये वाफ किंवा हवा कोंडली होती. पुढच्या वेळी फुगा दिसताच टोकाने टोचून दाबावा. तुकडे तव्यावरच राहिले तर तवा थंड होता किंवा तेल कमी पडलं.

हे सगळं जमूनही गुंडाळताना थर तडकू शकतो. पराठा आणि अंडं मिळून जाडी चार मिलिमीटर धरा. चार सेंटिमीटर जाडीचा रोल वळताना बाहेरची बाजू मधल्यापेक्षा सुमारे दहा टक्के ताणली जाते आणि आतली तेवढीच दाबली जाते. कोलकाता पद्धतीत अंडं आत असतं, म्हणजे ते ताणलं न जाता दाबलं जातं. चांगलं चिकटलेलं असेल तर ही दाब ते सहज सोसतं. सुटलेलं असेल तर मात्र तिथेच सुरकुती पडून उभं राहतं. अंडं बाहेर ठेवून वळलं तर तोच थर ताणला जातो, म्हणून तो मऊच हवा, तपकिरी कुरकुरीत चालणार नाही. मुंबईच्या फ्रँकीसारखा घट्ट, बारीक रोल वळायचा असेल तर हा ताण आणखी वाढतो. गुंडाळायचं ते पराठा गरम असतानाच. थंड झाला की स्टार्च ताठरतो आणि पराठाच मोडतो, त्याच्यासोबत अंडंही.

डबल अंड्याचा रोल हवा असेल तर दोन्ही अंडी एकदम ओतू नका. पहिलं चिकटवून उलटल्यावर त्या पिवळ्या थरावर दुसरं फेटलेलं अंडं पातळ पसरा आणि लगेच पुन्हा उलटा. अंड्याला अंडं पराठ्यापेक्षाही चांगलं धरतं, आणि प्रत्येक थर पुरता शिजतो.