गूगलचं बटण लावलं म्हणजे सिंगल साइन-ऑन झालं नाही

'आमच्याकडे सिंगल साइन-ऑन आहे, कंपनीच्या एकाच खात्याने सगळ्या टूलांत शिरता येतं' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी एकच विनंती करतो. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा, एखाद्या टूलच्या लॉगिन पानावर जा आणि कंपनीचा ईमेल टाका. टूलने स्वतःचाच पासवर्ड मागितला आणि तो टाकून आत जाता आलं? मग तुमच्याकडे सिंगल साइन-ऑन नाही. गूगलचं एक बटण आहे, बस्स.

वेगवेगळ्या पासवर्डांचं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक टूलला वेगळा, लांबलचक पासवर्ड, आणि ते सगळे बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. एक्सेल शीटमध्ये नव्हे. आणि कृपा करून दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. त्यातून फक्त `Pune@2024` चा `Pune@2025` होतो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनेही 2017 सालीच ही सक्ती नको असं लिहून ठेवलंय. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणं म्हणजे सिंगल साइन-ऑन, असं समजणारेही भेटतात. ते याच्या नेमकं उलट आहे. सिंगल साइन-ऑनमध्ये टूलकडे तुमचा पासवर्ड नसतोच. टूल गूगलला किंवा मायक्रोसॉफ्टला विचारतं, 'ही व्यक्ती कोण?', तिकडून सहीशिक्क्याचं उत्तर येतं आणि टूल दार उघडतं.

आता खरा घोळ. लॉगिन पानावरचं `Continue with Google` हे बटण म्हणजे घराला केलेलं आणखी एक दार. जुनं दार बुजलेलं नसतं. आधी कुणी ईमेल-पासवर्ड टाकून खातं काढलं असेल आणि नंतर बटण वापरायला लागलं असेल, तर बऱ्याच टूलांमध्ये तो जुना पासवर्ड मागे तसाच चालू राहतो. सिंगल साइन-ऑन 'सक्तीचं' करणं म्हणजे अ‍ॅडमिनने सेटिंगमध्ये जाऊन पासवर्डाचं दार बंद करणं आणि कंपनीच्या खात्यातूनच आत येता येईल असं ठरवणं. बटण बहुधा फुकट मिळतं. सक्ती मात्र पुष्कळदा महागड्या प्लॅनमध्ये असते, आणि म्हणूनच विक्रीच्या पानावर या दोन्हींना एकाच नावाने हाक मारलेली दिसते. माझं डोकं फिरतं ते तिथे.

आमचंच सांगतो. 14 माणसं, गूगल वर्कस्पेस, 11 टूलं. एक सहकारी शुक्रवारी नोकरी सोडून गेला. संध्याकाळी सहाला मी त्याचं वर्कस्पेस खातं सस्पेंड केलं आणि हात झटकले. पंधरा दिवसांनी त्याचाच फोन: "अरे, तुमच्या टास्क बोर्डाची नोटिफिकेशन्स मला अजून येतायत. काढा ना मला!" भला माणूस म्हणून निभावलं.

तपासलं तर तीन गोष्टी निघाल्या. पहिली त्याच्या फोनमधलं अ‍ॅप. टूल गूगलला लॉगिनच्या वेळी विचारतं. एकदा 'हो' आलं की ते स्वतःचा पास हातात देतं, आणि तो पास कित्येक दिवस, कधी कधी आठवडे चालतो. गूगलमधलं खातं बंद झालं तरी त्या टूलला कुणी जाऊन सांगत नाही. दुसरी, त्याने रुजू झाल्या दिवशी ठेवलेला पासवर्ड. त्याने तो टाकला असता तर नव्या लॅपटॉपवरूनही सरळ आत आला असता. तिसरी गोष्ट सगळ्यात चिवट निघाली. त्याने स्वतःच्या नावावर एक एपीआय टोकन, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमला परस्पर आत सोडणारी किल्ली, काढून त्यावर दर सोमवारचा अहवाल जोडला होता. टोकनाला लॉगिन लागत नाही, त्यामुळे दार कुठलं का असेना, ते चालूच.

यातलं दुसरं दुखणं सक्तीच्या सिंगल साइन-ऑनने बरं होतं. पहिल्या आणि तिसऱ्यासाठी त्या टूलमध्ये जाऊन माणसालाच काढावं लागतं. हे आपोआप करणारी 'स्किम' नावाची सोय आहे. वर्कस्पेसमध्ये खातं बंद केलं की ती टूलला तसं कळवते आणि तिथलंही खातं बंद होतं. पण ती बहुधा आणखी वरच्या प्लॅनमध्ये बसलेली असते. चौदा माणसांत वर्षाला दोन-तीन जण सोडून जातात. त्यासाठी अकरा टूलांची यादी छापून एकेक खूण करत जाणं अर्ध्या तासाचं काम आहे. मी यादी घेतो.

मग पैसे कुठे घालायचे? कंपनीचा कोड जिथे ठेवतात त्या गिटहबचं उदाहरण घ्या. सॅमल म्हणजे ते सहीशिक्क्याचं उत्तर टूलपर्यंत पोचवायची एक ठरलेली पद्धत. तिथे सॅमलवरचं सिंगल साइन-ऑन फक्त एंटरप्राइझ प्लॅनवर मिळतं. टीम प्लॅनचा छापील दर माणशी महिना 4 डॉलर, एंटरप्राइझचा 21. चौदा जणांसाठी फरक 238 डॉलरचा, म्हणजे महिन्याला वीस हजार रुपयांच्या वर. शिवाय गिटहबचं खातं सहसा माणसाचं स्वतःचं असतं, कंपनीचं नव्हे. सॅमल घेतलं तरी तो आपल्या खात्यात आपल्याच पासवर्डाने शिरतो. कंपनीच्या कोडकडे वळला की तेवढ्यापुरतं सिंगल साइन-ऑन आडवं येतं. आमच्याएवढ्या कंपनीने हे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गिटहबवरच्या कंपनीच्या ऑर्गनायझेशनच्या सेटिंगमध्ये सर्वांना दुहेरी पडताळणी सक्तीची करा आणि जाणाऱ्याला त्याच संध्याकाळी ऑर्गनायझेशनमधून काढा. त्याला माहीत असलेल्या सर्व्हरच्या किल्ल्या मात्र बदला, कारण त्या कुठल्याही प्लॅनमध्ये आपोआप बदलत नाहीत.

याउलट ग्राहकांची माहिती असलेलं टूल, मग ते विक्रीचं असो वा तक्रारींचं, तिथे सक्तीसाठी वरचा प्लॅन घ्यावा लागला तरी घ्या. बाकी टूलांत सक्ती फुकट मिळत असेल तर आजच चालू करा. नसेल तर गूगलचं बटण वापरू नका. पासवर्ड मॅनेजरमधला वेगळा पासवर्ड बरा. दोन्ही दारं उघडी असली की जाणाऱ्याच्या वेळी कोण कुठून येत होतं ते आठवत बसावं लागतं.

सक्ती चालू करण्याआधी एक काम. वर्कस्पेसचे सुपर अ‍ॅडमिन दोन ठेवा, दोन वेगळ्या माणसांकडे. एकच असेल आणि त्याचा फोन रिक्षात राहिला, तर तो अकराच्या अकरा टूलांबाहेर, आणि बाकी कुणी अडकलं तर त्याला आत घेणारंही कुणी नाही. टूल परवानगी देत असेल तर तिथलं एक अ‍ॅडमिन खातं पासवर्डावरच राहू द्या. तो पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

आणि हे सगळं झालं तरी जीएसटीचं पोर्टल आहेच. तिथे तुमच्या वर्कस्पेसला कुणी विचारत नाही. युजरनेम आणि पासवर्डच लागतो, आणि तो आपल्याला व सीएंच्या ऑफिसला दोघांनाही हवा असतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. पासवर्ड मॅनेजरमध्ये त्यांच्यासाठी वेगळा कप्पा करून तेवढाच शेअर करा. आमच्या सीएंच्या ऑफिसातल्या ताईंना हे पटवायला दोन महिने लागले. परवा मात्र त्यांचाच मेसेज आला, 'दादा, दुसऱ्या क्लायंटलाही हे कसं करायचं ते सांगाल का?' सोबत त्या क्लायंटचा पासवर्ड होता.